बदलीच्या गावात, ओळख ना पाळख: व्यवसायाची कल्पना कशी शोधायची

जोडीदाराची बदली झाली, ट्रक आला, सामान उतरलं, मुलांच्या शाळा सुरू झाल्या. महिन्याभराने घर लागतं आणि मग दुपार मोठी वाटायला लागते. आधीच्या गावात नोकरी होती किंवा छोटा व्यवसाय होता, तो सुटला. इथे भाषा वेगळी आणि ओळखीचं कोणी नाही. अशा वेळी बहुतेक जण घरात बसून ‘मला काय येतं’ याची यादी करतात. ती यादी करूच नये असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरची यादी आहे. पहिली यादी शहराची करायची असते.

या लेखात उदाहरणासाठी कोइम्बतूर घेतलं आहे. समजा, नाशिकचं एक कुटुंब, जोडीदार राष्ट्रीयीकृत बँकेत, मुलगी चौथीत. मुद्दाम तमिळ शहर घेतलं, कारण इंदूरला किंवा बडोद्याला मराठी माणसाचं बऱ्यापैकी निभावतं. जिथे पाटीही वाचता येत नाही तिथे पद्धत खरी कसाला लागते.

आधी कुंपण आखा

कल्पनेच्या मागे लागण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा.

पहिली, मुदत. पुढची बदली साधारण तीन वर्षांत येईल असं धरून चाला. घर आणि शहर उमगण्यात सहा महिने जातात, शेवटचे दोन महिने आवराआवरीत जातात. हाती उरतात दोन वर्षं आणि थोडे महिने. म्हणून गाळ्याचं मोठं डिपॉझिट, जड मशीन, वर्षभराचा माल असलं काही मागणारी कल्पना इथेच बाजूला ठेवा.

दुसरी, जोडीदाराच्या नोकरीचे नियम. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 1964 च्या वर्तणूक नियमांतला 15 वा नियम लागू होतो. कुटुंबातलं कोणी धंदा किंवा विमा-कमिशनची एजन्सी चालवत असेल तर ते खात्याला कळवावं लागतं, आणि पत्नीच्या किंवा घरच्यांच्या धंद्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतः गिऱ्हाईक गोळा करणं हा नियमभंग ठरतो. सरकारी बँकांच्या अधिकाऱ्यांनाही याच धर्तीचे नियम आहेत. म्हणजे ‘यांच्या ऑफिसातल्या चाळीस जणांना सांगू’ हा सगळ्यांच्या डोक्यात येणारा पहिला मार्ग बंद. सुरू करण्याआधी एका ओळीचं पत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. क्वार्टरमध्ये राहत असाल तर तिथे क्लास किंवा स्वयंपाकाचं काम चालेल का, हेही लेखी विचारा. तोंडी ‘चालतंय हो’वर जाऊ नका, साहेबांचीही बदली होते.

तिसरी, बुडाली तरी चालेल अशी रक्कम. ती दहा हजार असेल तर दहा हजारच. पुढचे निर्णय या आकड्यावर सोपे होतात.

तीन आठवडे नुसती वही

दोनशे पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: कोण, कशासाठी अडलं, आत्ता काय करतात, किती पैसे किंवा वेळ जातो. रोज दीड तास बाहेर, तीन आठवडे. या काळात काहीही सुरू करायचं नाही.

कुठे उभं राहायचं याला महत्त्व आहे. मॉलमध्ये काही कळत नाही. शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी फाटकापाशी पालक उभे असतात, तिथे कळतं. कोइम्बतूरला आर. एस. पुरम किंवा सिंगानल्लूरच्या उळवर संदैमध्ये, म्हणजे शेतकरी बाजारात, सकाळी कळतं. आणि सगळ्यात जास्त कळतं झेरॉक्सच्या दुकानात. मुलांचे प्रोजेक्ट, भाडेकरार, क्लासच्या नोट्स, ‘पाहिजेत’च्या जाहिराती असं सगळं त्या काउंटरवरून जातं. दुकानदाराला ‘लोक तुमच्याकडे कशाची चौकशी करतात जी तुमच्याकडे नाही?’ हा एकच प्रश्न विचारला तरी अर्धं पान भरतं.

भाषेची अडचण खरी आहे, पण पाच-सहा वाक्यांवर बरंच भागतं. ‘तमिळ तेरियादु’ म्हणजे तमिळ येत नाही. ‘एव्वळवु?’ म्हणजे किती? एखादी गोष्ट आहे का, हे विचारायला शेवटी ‘इरुक्का?’ लावायचं. आपल्यापेक्षा मोठ्या बाईला ‘अक्का’ म्हणा. कोइम्बतूरच्या आसपासच्या कोंगू भागातली तमिळ अदबीसाठी ओळखली जाते, क्रियापदाच्या शेवटी ‘ंग’ लावून बोलतात: ‘वांग’, ‘सोल्लुंग’. मोडकं बोललात तरी हा ‘ंग’ विसरू नका, समोरच्याचा सूर बदलतो.

वहीत काय लिहायचं नाही तेही सांगायला हवं. ‘इथे चांगला वडापाव मिळत नाही’ ही नोंद नव्हे. ती तुमची आठवण आहे, शहराची गरज नाही. नोंद अशी हवी: ‘तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का, मुलगा सहावीत, सीबीएसई. हिंदीचा गृहपाठ ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोटो पाठवून विचारतात. आठवड्यातून तीनदा. लाज वाटते म्हणाल्या.’ यात माणूस आहे, अडचण आहे, सध्याची जुगाड आहे आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. पैसे द्यायची तयारी बहुतेकदा अशाच नोंदीत दडलेली असते.

ओळखी: तीन दारं

पहिलं दार आपलीच इमारत. लिफ्टमधल्या हसण्याने ओळख होत नाही, काहीतरी विचारायला गेल्याने होते. ‘गॅसवाला कोण, शिंपी कोण, दातांचा डॉक्टर कोण’ असे प्रश्न वेगवेगळ्या घरी विचारा. मदत केलेलं माणूस आपल्याला लक्षात ठेवतं.

दुसरं दार मराठी माणसांना सहसा सुचत नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, पिढ्यानपिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेले आहेत. कोइम्बतूर दागिन्यांचं मोठं केंद्र, तेव्हा तिथल्या सराफ गल्ल्यांत ते भेटतातच. घरात माणदेशी मराठी आणि बाहेर अस्खलित तमिळ. त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहू नका, शहराचे वाटाडे म्हणून जा. कोणत्या पेठेत काय घाऊक मिळतं, कोणत्या महिन्यात बाजार थंड असतो, कोणत्या भागात उत्तरेकडची कुटुंबं राहतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. गणपतीत गेलात तर एका संध्याकाळी वीस घरं भेटतात.

एक इशारा मात्र इथेच. मराठी मंडळ मिळालं की जीव सुखावतो आणि माणूस धंदाही त्यांच्यापुरताच आखतो. पन्नास-साठ घरांवर दिवाळीचा फराळ निघतो, महिन्याचं उत्पन्न निघत नाही.

तिसरं दार शिक्षक. मुलीच्या वर्गशिक्षिकेला पालकसभेत विचारा, ‘पालक कोणत्या विषयात जास्त अडतात?’ बाई दहा मिनिटांत जे सांगतील ते तुम्हाला महिनाभर फिरून कळायचं नाही.

प्रश्न कसा विचारायचा

तीन आठवड्यांनंतर वहीत एखादी तक्रार पाच-सात वेळा आलेली दिसेल. आपल्या उदाहरणात ती हिंदीची आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. तमिळनाडूत द्विभाषा धोरण असल्याने सरकारी शाळांत हिंदी शिकवत नाहीत. सीबीएसई शाळांत मात्र ती असते. त्यामुळे आई-वडील उच्चशिक्षित, पण देवनागरी वाचता येत नाही, आणि मूल हिंदीचं पुस्तक घेऊन समोर उभं. नाशिकमध्ये हिंदी येण्याचं कौतुक कोणाला? तिथे ते पाण्यासारखं. इथे तेच दुर्मीळ. नव्या गावात कल्पना शोधताना हा धागा नेहमी पकडून पाहावा: आपल्याकडे सगळ्यांनाच येतं म्हणून ज्याला कोणी किंमत देत नाही, ते इथे किती जणांना येतं?

आता वीस पालकांशी बोलायचं. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात. ‘मी हिंदीचा क्लास काढला तर पाठवाल का?’ असं विचारतात. नव्या शेजारणीला तोंडावर ‘नाही’ कोण म्हणेल? वीसपैकी अठरा जण ‘हो’ म्हणतात आणि पहिल्या दिवशी दोन मुलं येतात. पुढचं विचारू नका, झालेलं विचारा. ‘मागच्या आठवड्यात हिंदीचा गृहपाठ कोणी करून घेतला? किती वेळ लागला? कधी क्लास लावला होता का? किती फी? का सोडला?’ आपला बेत सांगायचा नाही. बोलणं झाल्यावर प्रत्येकाला तीनपैकी एका खान्यात टाका: आत्ता पैसे देतोय, आत्ता जुगाड करतोय, किंवा फारसं अडलेलं नाही. पहिल्या दोन खान्यांत मिळून वीसपैकी आठ तरी नसतील, तर वहीतली दुसरी तक्रार घ्या.

‘का सोडला’ या उत्तरावर जास्त वेळ द्या. ‘बाई चांगल्या होत्या, पण क्लास चार किलोमीटरवर, सोडायला कोणी नाही’ या एका वाक्यात तुमची जागा, वेळ आणि अंतर ठरून जातं.

सुचलेल्या इतर कल्पनांचं काय

चाळणी लावल्याशिवाय कल्पना खरी आहे का ते कळत नाही, म्हणून हमखास सुचणाऱ्या दोन पाहू.

पुरणपोळी. ऐकायला छान, पण तमिळनाडूत ‘बोळी’ आधीच आहे. डाळीची आणि नारळाची, तळहाताएवढी, मिठाईच्या दुकानात गरमागरम. म्हणजे तुमच्या पोळीची तुलना तिच्या किमतीशी होणार. आपली पोळी मोठी, तूप जास्त, वेळ जास्त, आणि गिऱ्हाइकाच्या मनातला दर त्या छोट्या बोळीचा. शिवाय विकण्यासाठी घरी खाद्यपदार्थ करायचे तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. ती अवघड नाही, पण क्वार्टरमध्ये राहत असाल तर परवानगीचा प्रश्न पुन्हा येतो.

पैठणी आणि साड्या. इथे भांडवल अडकतं. वीस साड्या घेतल्या तर चार पटकन जातात, सोळा कपाटात. कोइम्बतूर स्वतः कापडाचं शहर, इथल्या बायकांना सुताची पारख आहे, आणि हप्त्याने देणारा ओळखीचा दुकानदारही. त्यात ‘इथून नाशिकच्या मैत्रिणींना कुरिअर करू’ असा विचार असेल तर एक नियम माहीत हवा: करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, सरसकट साड्यांना नाही. सेवा विकणाऱ्याला मात्र वीस लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, राज्याबाहेरचं गिऱ्हाईक असलं तरी. बदलीवर असणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे.

आपलं कौशल्य तपासा, लाज न बाळगता

‘हिंदी येते’ म्हणजे नेमकं काय? सिनेमाची हिंदी शाळेत मार्क मिळवून देत नाही. ncert.nic.in वर पुस्तकं मोफत आहेत. चौथी ते आठवीची हिंदीची उतरवा आणि मागचे स्वाध्याय स्वतः लिहून सोडवा. मराठी माणूस चार ठिकाणी ठेचकाळतो.

शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व-दीर्घ: आपण कवी, शक्ती, गुरू लिहितो, हिंदीत कवि, शक्ति, गुरु. मुलाच्या वहीत हे चुकीचं तपासलंत तर शाळेतल्या बाई लाल शाईने दाखवतील आणि क्लासची पत एका दिवसात जाईल. मग लिंग: पुस्तक आपल्याकडे ते, हिंदीत ती, आवाज आपल्याकडे तो, हिंदीत ती, चहा तो, पण चाय ती. तिसरं ‘ने’: आपण ‘मी पुस्तक वाचलं’ म्हणतो, म्हणून ‘मैं किताब पढ़ी’ तोंडात येतं, हवं असतं ‘मैंने किताब पढ़ी’. आणि चौथे फसवे शब्द, त्यांत ‘शिक्षा’ सगळ्यांत वरचा: आपल्याकडे ती छडी, तिकडे ते शिक्षण.

तमिळ मुलांच्या अडचणी याहून निराळ्या, आणि त्या समजल्या तरच तुम्ही यूट्यूबपेक्षा वेगळे. तमिळ लिपीत क आणि ग या दोन्हींसाठी एकच अक्षर, आणि ख, घ तर नाहीतच. त्यामुळे ‘खाना’ आणि ‘गाना’ मुलाला सारखेच ऐकू येतात आणि लिहिताना हात अडतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हणायला लावा. ‘ख’ला पट्टी हलते. हे मुलांना गंमत म्हणून आवडतं आणि डोक्यात बसतं. तमिळमध्ये टेबल-खुर्चीला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, तेव्हा नियम सांगून उपयोग नाही. शब्द सुटा शिकवायचाच नाही. ‘मेरी किताब’, ‘मेरा घर’ अशी जोडी करूनच द्यायची.

हिंदीतही काम कोणतं धरायचं हे ठरवा. तमिळनाडूत 1918 पासूनच्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा अशा परीक्षा फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये होतात, आणि त्यांची तयारी घरोघरी करून घेणाऱ्या शिक्षिका वर्षानुवर्षं जम बसवून आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करत सुरुवात करू नका. शाळेचा रोजचा गृहपाठ, चौथी ते सातवी, ही जागा धरा. तिथे गरज आठवड्यातून तीनदा डोकं वर काढते.

चार आठवड्यांची चाचणी

बोर्ड, नाव, छापील कार्ड काही नको. सहा मुलं, तीन-तीनचे दोन गट, चौथी-पाचवी वेगळी आणि सहावी-सातवी वेगळी. आठवड्यातून तीन दिवस, तासभर, चार आठवडे, म्हणजे प्रत्येक गटाचे बारा वर्ग. वेळ पालकांना विचारून ठरवा. भरतनाट्यम, अबॅकस, पोहणं यांच्यात जागा शोधावी लागते. खर्च फळा, खडू आणि झेरॉक्सचा, दीड हजाराच्या आत.

फी पहिल्या दिवसापासून घ्या. ‘पहिला महिना फुकट’ केलं की मूल आलं काय, न आलं काय, कोणाचं काही जात नाही, आणि तुम्हाला काहीच कळत नाही. किती घ्यायची, तर वीस जणांच्या बोलण्यात आलेल्या आकड्यांच्या मधली. हिशेबासाठी 900 रुपये महिना धरू.

चार आठवड्यांनी तीन गोष्टी मोजा. सहापैकी किती मुलांनी बारापैकी दहा तरी वर्ग केले? किती पालकांनी दुसऱ्या महिन्याची फी न मागता दिली? आणि तुम्ही न सांगता एखादा नवा पालक आला का? चार मुलं टिकली आणि एक नवं आलं, तर कल्पना खरी आहे. दोनच टिकली तर कारण शोधा, पण फी कमी करून ओढू नका. बहुधा वेळ आड येते किंवा गटात इयत्तांची सरमिसळ झालेली असते. तिसरं कारण जरा बोचणारं: पालकांना गृहपाठ ‘करून’ हवा असतो आणि तुम्ही ‘शिकवत’ बसता. सोपा तोडगा म्हणजे पहिली पंचवीस मिनिटं गृहपाठ, उरलेली शिकवणी.

मग पूर्ण चित्र मांडा. सहा-सहाचे तीन गट म्हणजे 18 मुलं, महिन्याला 16,200 रुपये. झेरॉक्स आणि सटरफटर 800 वजा केले की 15,400. एप्रिल-मे रिकामे जातात, म्हणून वर्षाला दहा महिने धरा: 1,54,000. शिकवण्याचे आठवड्याला नऊ तास, तपासणी आणि तयारीचे चार, म्हणजे महिन्याला साधारण 56 तास आणि तासाला सुमारे 275 रुपये. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. तुमच्या मनातला आकडा पाचशे असेल, तर गट वाढवून तो येणार नाही, कारण गट वाढला की तासही वाढतात. एका गटात अकरा मुलं घ्या किंवा कामच दुसरं निवडा.

कागदपत्रं थोडक्यात

छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅनच्या आधारे मोफत होते. पैसे मागणाऱ्या, तशाच दिसणाऱ्या साइट बऱ्याच आहेत, त्यांच्यावर भरू नका. फी तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात घ्या, जोडीदाराच्या नको. उत्पन्न तुमचं आहे आणि ते वेगळं दिसणं दोघांच्याही सोयीचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मुलांची ये-जा कधी असेल ते आधीच सांगून ठेवा. चपलांच्या ढिगावरून तक्रारी होतात, एक रॅक आणा.

बदलीचा हुकूम येईल तेव्हा

तो ऐन सत्रात येऊ शकतो. म्हणून फी नेहमी महिन्याची घ्या, वर्षाची कधीही नको. परत करायची वेळ आली तर रक्कम आवाक्यातली राहते. सहाव्या महिन्यापासून मोठ्या मुलांचा एक गट ऑनलाइन चालवून पाहा. शहर सोडल्यावर यातले निम्मे राहिले तरी नव्या गावातले पहिले काही महिने हाताला काम राहतं. प्रत्येक धड्याचे सरावाचे कागद इयत्तेप्रमाणे फाइलला लावत जा, ते ट्रकमध्ये मावतात. उरलेली मुलं सोपवण्यासाठी जवळच्या सभेच्या परीक्षांच्या शिक्षिकेशी आधीपासून संबंध ठेवा. ज्यांच्याशी स्पर्धा टाळली त्याच इथे कामाला येतात. आणि पुढची बदली लखनौला झाली तर हिंदीची फाइल माळ्यावर टाका. तिथे हिंदी पाण्यासारखी आहे, तेव्हा पहिले तीन आठवडे पुन्हा वही, आणि झेरॉक्सचं दुकान.